जादा दिसणारे शेहेचाळीस हजार

सुलेखा मगरे यांनी चितेगावच्या एका खोक्यांच्या कारखान्यात सव्वीस वर्षं हिशेब लिहिला. रोज सकाळी पैठण रोडची बस, संध्याकाळी परत तीच बस, आणि मधल्या वेळात कागद. नोकरी सुटली, पण हिशेब सुटला नाही. घरात कांदे आणले तरी वजन, भाव आणि तारीख एका वहीत जायची. नवरा रामकिसन एसटीत ड्रायव्हर होता, आता निवृत्त. तो पाहुण्यांना सांगायचा, "आमच्या घरात मीठ जरी संपलं तरी त्याची नोंद असती. मी संपलो तर तेवढी नोंद नीट करा म्हणलंय."

गारखेड्यातल्या सुखदा सोसायटीत वीस घरं. जानेवारीत आधीचे खजिनदार पुण्याला मुलाकडे गेले आणि सगळ्यांची नजर तळमजल्यावर राहणाऱ्या सुलेखाताईंकडे वळली. त्या नको म्हणाल्या नाहीत. नको म्हणणं त्यांना जमतच नसे, कारण नको म्हटलं की ते काम दुसरा कोणीतरी वाकडं करणार, आणि वाकडं काम बघत बसणं त्यांना आजारपणापेक्षा अवघड.

सुखदाची एक रीत होती. रोजच्या जमाखर्चाची वही म्हणजे रोजकीर्द, आणि चेकबुक खजिनदाराकडे, पासबुक अध्यक्षाकडे. सोसायटी बांधली तेव्हाच्या शहाण्या माणसांनी हे ठरवलं होतं, एकाच हातात दोन्ही नको म्हणून. विचार चांगला होता. फक्त रोजकीर्द तळमजल्यावर आणि पासबुक चौथ्या मजल्यावर राहायला लागलं, आणि दोघांची भेट कोणी घडवून आणायची हे लिहायचं राहून गेलं.

अध्यक्ष इंद्रजीत जाधव. शहराबाहेर शेती, शहरात फर्निचरचं दुकान, अंगावर कडक इस्त्री. माणूस वाईट नव्हता. हौशी होता. सोसायटीच्या फाटकावर लाइटिंगची कमान असावी, हे त्याचं तीन वर्षांचं स्वप्न. शेजारच्या सोसायटीला होती.

एप्रिलच्या दुसऱ्या तारखेला, गुरुवारी, इंद्रजीत पासबुक छापून आणून थेट तळमजल्यावर आला. चपला न काढताच दारात उभा राहिला.

"ताई, एकतीस मार्चला तुमच्या वहीत किती?"

"शहाऐंशी हजार चारशे पन्नास."

"पासबुकात एक लाख बत्तीस हजार पाचशे अठरा." त्याने पान समोर धरलं. "म्हणजे शेहेचाळीस हजार अडुसष्ट जादा. मला वाटलं तुम्ही लई हुशार."

सुलेखाताईंनी चष्मा डोळ्यावर घेतला. आकडा खरा होता.

"कमी निघाले असते तर मी तुमच्यावर चिडलो असतो," इंद्रजीत म्हणाला. "जादा निघाले तर चिडायचं कशाला? कमानवाला पंचेचाळीस हजार म्हणतोय. रविवारच्या सभेत ठराव, लगेच चेक. वरचे एक हजार अडुसष्ट उरतात, त्याचे पेढे."

"इंद्रजीतभाऊ, बँक कोणाला जादा देत नसती."

"मग हे काय आभाळातून पडलं?"

"कोणाचे तरी असतील. आपल्या खात्यात बसलेत, एवढंच."

"खात्यात बसलेत म्हणजे आपले. आमच्या रानात माझी म्हैस बसली तर माझी, शेजाऱ्याची बसली तर मी हाकलतो. पैसे कुठं बोलतात कोणाचे म्हणून?"

सुलेखाताईंना हसू आलं, पण डोक्यात वजाबाकी सुरू झाली होती. या महिन्यात लिफ्टच्या देखभालीचे ऐंशी हजार द्यायचे होते. कमानीचे पंचेचाळीस आणि लिफ्टचे ऐंशी गेले की खात्यात साडेसात हजार राहणार. मग ज्याचे ते शेहेचाळीस हजार, तो आपण दिलेला चेक घेऊन बँकेत गेला तर चेक परत. आणि चेकवर सह्या दोन. एक अध्यक्षाची, एक सुलेखा मगरे हिची. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून गेलेला एकही चेक परत आलेला नव्हता. कारखान्याचे मालक स्वतः हप्ता चुकवायचे, पण सुलेखाबाईंनी लिहिलेला चेक वटायचा, असा त्यांचा लौकिक.

"पासबुक ठेवून जा. रविवारपर्यंत सांगते."

"पासबुक अध्यक्षाकडं असतं, ताई. रीत आहे."

"लिहून देते मिळालं म्हणून."

त्यांनी खरंच लिहून दिलं, तारीख आणि वेळ टाकून. इंद्रजीतने पावती घडी घालून खिशात ठेवली आणि लिफ्टने वर गेला.

शुक्रवारी दुपारी जेवणं उरकल्यावर सुलेखाताईंनी जेवणाचं टेबल पुसलं, कूलर लावला आणि रामकिसनला पासबुक हातात दिलं. स्वतः रोजकीर्द आणि हिरवी पेन्सिल घेऊन बसल्या.

"तुम्ही चेकचा नंबर वाचा. माझ्याकडं सापडला की मी टिक करते, तुम्हीबी करा. जानेवारीपासून. डिसेंबरअखेर दोन्ही जुळलेले होते."

"आणि मला झोप आली तर?"

"तर डोळे उघडे ठेवून झोपा. एसटीत झोपायचात तसं."

"एसटीत मी कधी झोपलो नाय. झोपलो असतो तर तू इथं पेन्सिल घेऊन बसली नसती."

वाचणं सुरू झालं. रामकिसन पहिल्या पानावरच अडखळला. "हे उलटं लिहिलंय. आपण पैसे भरले की तुझ्या वहीत डाव्या बाजूला, नावे. बँकेनं तेच जमा म्हणून लिहिलेत."

"बँकेच्या वहीतून बघा. आपण पैसे ठेवले म्हणजे बँक आपली देणेकरी झाली. म्हणून तिच्याकडं ते आपल्या नावावर जमा. आपल्या वहीत बँक येणेकरी, म्हणून नावे. एकच पैसा, दोन घरांतून बघितलेला."

"सासर-माहेर."

"तसंच समजा. वाचा पुढं."

हिरव्या टिका पानभर पसरल्या. जे दोन्हीकडे होतं ते जुळलं. सुलेखाताईंना टिकांशी घेणं नव्हतं. त्या शोधत होत्या बिनटिकाच्या ओळी.

पासबुकात चार ओळी उघड्या राहिल्या. एक, व्याजाचे बाराशे बारा रुपये जमा. बँकेने खात्यावर टाकले, कोणाला सांगितलं नाही. दोन, तीनशे चोपन्न रुपये खर्च, बँकेचं काहीतरी शुल्क. तेही न सांगता. तीन आणि चार, अठराशे-अठराशेच्या दोन रकमा, कुठल्याशा मोबाईलवरून थेट जमा.

"अठराशे म्हणजे आपला महिन्याचा मेंटेनन्स," रामकिसन म्हणाला. "दोन महिन्यांचा कोणी भरला?"

सुलेखाताईंनी वसुलीची वही उघडली. फेब्रुवारी आणि मार्च दोन्ही थकलेलं घर एकच. तीनशे दोन, सोनिया. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

गेल्या आठवड्यात त्यांनी जिन्याखालच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने, वळणदार अक्षरात, थकबाकीदार म्हणून सोनियाचं नाव लिहिलं होतं. तेव्हापासून सोनिया त्यांच्याकडे न बघता लिफ्टमध्ये शिरायची. सुलेखाताईंना वाटलं होतं, पोरीला पैसे द्यायचे नाहीत म्हणून तोरा.

त्यांनी तिथूनच फोन लावला.

"सोनिया, मेंटेनन्स फोनवरून थेट खात्यात टाकला का गं तू?"

"दोन्ही महिने, पाच तारखेच्या आत." पलीकडून गार आवाज. "फळ्यावर अक्षर छान आलंय तुमचं."

"मला कळवायचं तरी."

"पैसे गेल्याचा मेसेज मला आला, काकू. मला वाटलं तुम्हालाही येत असेल."

"मेसेज चौथ्या मजल्यावर जातात. मी खाली राहते." त्यांनी वसुलीची वही मिटली. "चुकलं माझं. आता पुसते."

त्या उठल्या, ओला फडका घेतला आणि खरंच फळा पुसून आल्या. मग पुन्हा पेन्सिल हातात घेतली.

आता त्यांच्या वहीतल्या उघड्या ओळी. एकतीस मार्चला संध्याकाळी त्यांनी एका घराचा सहा हजारांचा चेक बँकेच्या पेटीत टाकला होता. वहीत त्याच दिवशी जमा लिहिला. एक तारखेला बँक गिऱ्हाइकांसाठी बंद, दोनला तो खात्यात आला. दुसरी ओळ, रंगाऱ्याला तीस मार्चला दिलेला नऊ हजार दोनशेचा चेक. त्याने अजून भरला नव्हता. आणि तिसरी ओळ बघून त्या पेन्सिल धरून तशाच बसल्या.

बारा जानेवारी. कडुबा. बोअरची मोटर काढून दुरुस्त करून बसवली, दोन्ही टाक्या धुतल्या. अडतीस हजार पाचशे.

"तीन महिने होत आले," त्या म्हणाल्या. "मी चेक दिला त्याच दिवशी वहीत खर्ची टाकला. पण त्यानं बँकेत नेल्याशिवाय बँकेला काय कळणार? तिच्या लेखी पैसे अजून आपलेच."

"म्हणजे कमान कडुबाच्या पैशातून उभी राहणार होती."

"बरीचशी. थोडी रंगाऱ्याच्या."

त्यांनी कोरा कागद घेतला. आधी स्वतःची वही सरळ केली, कारण बँकेला जे माहीत आणि आपल्याला नाही, ते आपल्या वहीत यायलाच हवं. शहाऐंशी हजार चारशे पन्नासमध्ये व्याज आणि सोनियाचे छत्तीसशे मिळवले, शुल्क वजा केलं. नव्वद हजार नऊशे आठ. मग जे आपल्याला माहीत आणि बँकेला अजून नाही ते. न वटलेले दोन चेक सत्तेचाळीस हजार सातशे, ते मिळवायचे, कारण पासबुकातून गेलेले नाहीत. पेटीतले सहा हजार वजा, कारण पासबुकात आलेले नाहीत. उत्तर एक लाख बत्तीस हजार सहाशे आठ.

पासबुकात होते पाचशे अठरा.

"नव्वद रुपये," रामकिसन म्हणाला. "मी देतो. ऊठ, चहा टाक."

"नव्वद रुपये तुमच्या खिशातून घातले तर हिशेब जुळल, चूक नाय सापडणार. उद्या नव्वद हजारांची असली तर कोणाचा खिसा?"

"मग मला पेन्शन विकावी लागल."

त्या ऐकत नव्हत्या. नव्वदला नऊने भाग जातो. नऊने भाग जाणारा फरक दिसला की कुठेतरी दोन आकड्यांनी जागा बदललेल्या असू शकतात, हे कारखान्यातल्या पहिल्या वर्षी त्या शिकल्या होत्या. त्यांनी टिका केलेल्या ओळी पुन्हा बघायला सुरुवात केली. या वेळी चेकचा नंबर नाही, रक्कम. फेब्रुवारीचं वीजबिल. बँकेने वटवलेला चेक चार हजार आठशे सत्तर. वहीत चार हजार सातशे ऐंशी. अक्षर वळणदार, सुलेखा मगरे यांचंच.

रामकिसनने वाकून बघितलं. काहीतरी चांगलं बोलावं असं त्याला वाटलं, पण इतक्या वर्षांत अशी संधी एकदाच आलेली.

"स्वयंपाकाला येणारी पारूबाई गेल्या वर्षी डाळ दोनदा खारट करून गेली, तेव्हा तू तिला काय म्हणाली होतीस गं?"

"चहा टाका," सुलेखाताई म्हणाल्या.

नव्वद रुपये वजा करून सरळ झालेली वही निघाली नव्वद हजार आठशे अठरा. त्यात न वटलेले चेक मिळवले, सहा हजार वजा केले. एक लाख बत्तीस हजार पाचशे अठरा. खाली त्यांनी दुहेरी रेघ मारली, पट्टी लावून.

पण रेघ मारली तरी कडुबा शिल्लक होता. शनिवारी सकाळी त्यांनी फोन केला.

"कडुबा, चेक भरला नाही का रं?"

"लई नीट ठेवलाय ताई. काळजी नका करू."

"नीट ठेवायला नाही दिला, भरायला दिला. घेऊन ये."

कडुबा दुपारी चितेगावहून आला. बाहेरच हातपाय धुतले, आत आला, पिशवीतून जाड पुठ्ठ्याचं पाकीट काढलं, पाकिटातून आधार कार्ड, रेशन कार्ड, आणि मग चेक. तिन्ही एकसारखे चकचकीत. चेक प्लास्टिकमध्ये बंद होता, कडा गोल कापलेल्या.

रामकिसन खुर्चीवरून उठून दुसऱ्या खोलीत गेला. तिथून खोकल्याचा आवाज येत राहिला.

"हे काय केलंस?"

"मी पाण्यातला माणूस, ताई. मागच्या वर्सी एकाचा चेक खिशात भिजला, लगदा झाला. तो मालक दुसरा देईना. म्हणून ह्या टायमाला सुनेला सांगितलं, हे कागद पाण्यानं खराब व्हायला नाय पायजे. तिनं तिन्ही लॅमिनेट करून आणले. साठ रुपये गेले."

"बँकेत गेला होतास?"

"फेब्रुवारीत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी दुसऱ्या बाईंना बोलावून दाखवला. मग तिसऱ्यांना. मग म्हणल्या, हा नाय चालायचा, ज्यानं दिला त्याच्याकडून दुसरा आणा." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तुमच्याकडं यायला लाज वाटली. म्हणलं, ताई म्हणतील, एवढाबी कागद सांभाळता येत नाय."

"तूच सांभाळलास. जरा जास्तच." सुलेखाताईंनी चेक उलटसुलट बघितला. "उद्या अकराला सभा आहे. हा घेऊन ये. नुसतं तोंडी सांगून तुझं कोणी ऐकणार नाही."

रविवारी सभा गच्चीखालच्या हॉलमध्ये भरली. चौदा घरं आली, म्हणजे गर्दीच. इंद्रजीतने कमानीचा रंगीत फोटो भिंतीला चिकटवला होता. कमानीवर दोन मोर होते आणि ते रात्री निळे होणार होते.

सुलेखाताईंनी आपला एकपानी कागद सगळ्यांना वाटला. पुढच्या रांगेतल्या मेघाने, इंद्रजीतच्याच बायकोने, तो आधी वाचला.

"म्हणजे आपले खरे नव्वद हजार आठशे अठराच," ती म्हणाली.

"थांब तू." इंद्रजीतने कागद वरून खाली आणि खालून वर बघितला. हिशेबात त्याचा हात कच्चा नव्हता, दुकान चालवत होता. तो एका ओळीवर थांबला. "हा कडुबाचा चेक बारा जानेवारीचा. तीन महिने झाले की चेक मरतो. आज पाच एप्रिल. आणखी एक आठवडा गप्प बसलो तर हे अडतीस हजार पाचशे आपोआप आपले. कायद्यानं."

हॉलमध्ये कुजबुज झाली. मोरांकडे काहींनी नव्याने बघितलं.

"कागद मरतो, इंद्रजीतभाऊ," सुलेखाताई म्हणाल्या. "देणं मरत नाही. चेकची मुदत संपली तर मी तो रद्द करून अडतीस हजार पाचशे वहीत परत बँकेला लावीन, आणि त्याच पानावर कडुबाचं देणं म्हणून तेवढेच लिहीन. कमानीला त्यातला रुपया मिळत नाही."

"तो तर आला नाही ना मागायला."

"आलोय की," दारातून कडुबा म्हणाला.

त्याने पाकीट उघडलं. चेक हातोहात फिरला. चौदा घरांनी आळीपाळीने तो उजेडात धरून बघितला. मागच्या बाकावरून सोनियाने विचारलं, "काका, यावर पाणी टाकून बघू?" आणि मग कोणालाच गंभीर राहता आलं नाही. कडुबालाही नाही.

इंद्रजीत हसला नाही. तो चेकवरच्या आपल्याच सहीकडे बघत होता. प्लास्टिकखाली ती फार ठसठशीत दिसत होती.

"मोटर बंद पडली होती तेव्हा चार दिवस टँकर आणला होता आपण," मेघा त्याच्याकडे न बघता म्हणाली. "चौथ्या मजल्यावर बादल्या मीच चढवल्या. लिफ्टबी बंद होती."

तो चेक घेऊन सुलेखाताईंपुढे आला. मग म्हणाला, "ताई, चेकबुक आणलंय का?"

त्यांनी आणलं होतं. जुना चेक रद्द करायचा म्हणून त्या त्यावर आडवी रेघ मारायला गेल्या, तर प्लास्टिकवर पेन चालेना. शेवटी कात्री मागवली आणि सह्यांवरूनच चेक कापला. वहीत एका ओळीत जुना परत जमा, खालच्या ओळीत नवा खर्ची. कमानीचा ठराव पुढच्या वर्षावर गेला. इंद्रजीतने मोरांचा फोटो भिंतीवरून स्वतः उतरवला, घडी न घालता, गुंडाळी करून.

सोमवारी सकाळी सुलेखाताई कडुबाबरोबर चितेगावच्या त्याच्या बँकेत गेल्या. गरज नव्हती, पण त्या गेल्या. काउंटरवरच्या बाईंनी कडुबाला ओळखलं आणि चेक बोटांनी चाचपून बघितला. पावतीवर शिक्का बसेपर्यंत सुलेखाताई शेजारी उभ्या राहिल्या.

दुपारी त्या परतीच्या बसमध्ये असताना इंद्रजीतचा फोन आला. आवाज चिरकलेला.

"ताई, आत्ता मेसेज आला. खात्यातून अडतीस हजार पाचशे गेले."

"गेले नाहीत भाऊ. पोचले."

मग तो म्हणाला, "मग आता आपले किती राहिले?"

"काल होते तेवढेच," सुलेखाताई म्हणाल्या. "गेले ते तर बारा जानेवारीपासूनच आपले नव्हते."

"पासबुकात कमी झाले तरी?"

"तरी. संध्याकाळी पासबुक घेऊन खाली या, दाखवते. मेघालाबी आणा."

बस बाजूच्या ट्रकला वाट देत थांबली. इंद्रजीत काहीतरी पुटपुटला, आणि मग सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "आणि ती दुहेरी रेघ मारता ना खाली, ती आपल्याला मारता येईल का?"

"जुळलं तर," सुलेखाताई म्हणाल्या, आणि तिकिटाचे पैसे वहीत लिहायला त्यांनी पर्समधून पेन काढलं.